एकच ‘आ’, तीन गळे



नळाखाली कळशी लावून तुम्ही दुसऱ्या कामाला लागता, आणि कळशी भरत आली हे पाठ फिरवूनही तुम्हाला कळते. कसे कळते? आवाजावरून. सुरुवातीला पाणी पडते तेव्हा आवाज जाड, घुमणारा येतो. पाणी चढत जाते तसा तो बारीक होत जातो. कळशी तीच, धार तीच. फक्त आतली हवेची जागा आखूड होत गेली. जागा लांब असली की नाद खालच्या पट्टीत घुमतो, आखूड झाली की वरच्या पट्टीत. आजच्या भाषणापुरते एवढे पदार्थविज्ञान गाठीशी असू द्या.

आपला घसा, तोंड आणि ओठ मिळून अशीच एक नळी होते. प्रौढ पुरुषाची ही नळी साधारण १७ सेंटिमीटर लांब असते, स्त्रीची साधारण १४ ते १५, आणि लहान मुलाची त्याहूनही आखूड. स्वरतंतूंनी काढलेला आवाज या नळीतून जाताना काही ठिकाणी जास्त घुमतो. ज्या कंपनसंख्येला तो घुमतो, तिला फॉर्मंट म्हणतात. पहिला फॉर्मंट आणि दुसरा फॉर्मंट, या दोघांवर आपले काम भागते. तोंड जितके उघडे, तितका पहिला फॉर्मंट वर जातो. म्हणून ‘आ’चा पहिला फॉर्मंट मोठा आणि ‘ई’, ‘ऊ’चा लहान. जीभ जितकी पुढे, तितका दुसरा फॉर्मंट वर. म्हणून ‘ई’चा दुसरा मोठा आणि ‘ऊ’चा लहान.

गुरुजींनी वर्गात एक प्रयोग करून पाहावा. मुलांना ‘ई’ आणि ‘ऊ’ हे स्वर नुसते कुजबुजायला सांगा. कुजबुजताना स्वरतंतू सूर देत नाहीत, तरीही ‘ई’ उंच वाटते आणि ‘ऊ’ खोल. तो उंचपणा सुराचा नव्हे, नळीतल्या घुमण्याचा आहे. गाण्याची पट्टी वेगळी आणि फॉर्मंट वेगळे. पुष्कळ शिकलेली माणसेही इथे घोटाळा करतात, म्हणून हे आधीच सांगून ठेवतो.

कागदावर आडवा दुसरा फॉर्मंट आणि उभा पहिला फॉर्मंट मांडला, की एखाद्या माणसाच्या सगळ्या स्वरांचा एक नकाशा तयार होतो. समाजात भाषा कशी बदलते, कोणत्या वयाची माणसे कोणता स्वर कसा उच्चारतात, बदल बायका आधी करतात की पुरुष, हे शोधणारे अभ्यासक असे नकाशे शेजारी ठेवून पाहतात. आणि अडचण तिथेच उभी राहते. दोन माणसांचे नकाशे जुळले नाहीत, तर फरक बोलीचा आहे की कळशीच्या लांबीचा?

आपल्या कानाला ही अडचण पडत नाही. आजोबांनी ‘आई’ म्हटले, सुनेने म्हटले, नातवाने म्हटले, तरी आपण ‘आई’च ऐकतो. लॅडेफोगेड आणि ब्रॉडबेंट यांनी १९५७ मध्ये याचा सुंदर पडताळा घेतला. त्यांनी यंत्राने एक इंग्रजी शब्द तयार केला आणि त्याच्या आधी एक वाक्य जोडले. शब्द तोच ठेवून आधीच्या वाक्यातला पहिला फॉर्मंट खाली आणला, तेव्हा पूर्वी ‘बिट’ ऐकणारे बहुतेक लोक आता ‘बेट’ ऐकू लागले. म्हणजे आधीच्या वाक्यावरून कान बोलणाऱ्याचे माप घेतो आणि मग शब्द ओळखतो. यंत्र असे काही करत नाही. यंत्र फक्त आकडा देते.

ते आकडे किती फसवतात, हे १९५२ च्या एका प्रसिद्ध मोजणीवरून पाहू. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत पीटरसन आणि बार्नी यांनी ३३ पुरुष, २८ स्त्रिया आणि १५ मुले अशा ७६ जणांकडून इंग्रजीचे १० स्वर प्रत्येकी दोनदा बोलवून घेतले. ‘हीड’, ‘हिड’, ‘हेड’, ‘हॅड’ अशा शब्दांची ती यादी होती. त्यात आपल्या ‘आ’ला जवळच्या स्वराचा पहिला फॉर्मंट पुरुषांचा सरासरी ७३० आला, स्त्रियांचा ८५०, मुलांचा १०३०. हे आकडे सेकंदाला इतकी कंपने, म्हणजे हर्ट्झ, असे वाचायचे. ‘हॅड’मधल्या ‘ॲ’चा पुरुषांचा ६६०, स्त्रियांचा ८६०. आकड्यांवर सरळ विश्वास टाकला तर म्हणावे लागेल की बायका पुरुषांपेक्षा तोंड फार उघडून बोलतात. पण त्यांची नळी आखूड आहे, ही साधी गोष्ट आपण विसरलेलो असतो.

‘असेना का फरक! त्यात बिघडले काय?’ असे तुम्ही म्हणाल. काय बिघडते ते सांगतो.

अमेरिकेत मोठ्या सरोवरांच्या काठी बफेलो, रॉचेस्टर, क्लीव्हलंड, डेट्रॉइट, शिकागो अशी शहरे आहेत. विसाव्या शतकात तिथल्या गोऱ्या लोकांच्या बोलीत ‘कॅट’, ‘बॅड’ यांतला ‘ॲ’ हळूहळू वर चढू लागला. तोंड कमी उघडायचे, जीभ उंच आणि पुढे घ्यायची. अखेर ‘ॲन’ हे बाईचे नाव परक्या माणसाला ‘इयन’ असे पुरुषाचे नाव वाटावे, इतपत मजल गेली. अलीकडच्या पिढीत हा उच्चार तिथे पुष्कळ मागे हटला आहे, पण तो चढत होता त्या काळात प्रश्न असा होता की पुढे कोण आहे. विल्यम लबॉव, शॅरन ॲश आणि चार्ल्स बोबर्ग यांनी २००६ मध्ये उत्तर अमेरिकेच्या इंग्रजीचा जो ॲटलास प्रसिद्ध केला, त्यात ४३९ माणसांचे स्वर यंत्रावर मोजलेले आहेत. त्यांनी चढलेल्या ‘ॲ’ची एक खूण ठरवली: पहिला फॉर्मंट ७०० च्या खाली असला, तर स्वर चढला असे धरायचे.

आता हीच ७०० ची रेघ १९५२ च्या कच्च्या आकड्यांवर ओढून पाहा. पुरुषांचा सरासरी ‘ॲ’ ६६०, म्हणजे रेघेच्या खाली. स्त्रियांचा ८६०, म्हणजे बराच वर. निकाल काय निघेल? सगळा बदल पुरुषांनी केला, बायका जुन्याला चिकटून बसल्या! हा निकाल साफ खोटा ठरला असता. त्यातून बायकांच्या स्वभावाबद्दल कोणी चार विद्वत्तापूर्ण वाक्येही लिहिली असती. म्हणून रेघ ओढण्याआधी ॲटलासकारांनी सर्वांचे आकडे एका मापावर आणले. याला स्वरांचे सामान्यीकरण म्हणतात. त्यांनी वापरलेली रीत टेरन्स निअरी यांच्या १९७८ च्या कामातून आलेली आहे, आणि ती शाळेतल्या गणिताने समजते.

एका माणसाच्या सर्व स्वरांचे दोन्ही फॉर्मंट घ्यायचे. १० स्वर असले तर २० आकडे झाले. त्यांचा भूमितीय मध्य काढायचा, म्हणजे विसांचा गुणाकार करून त्याचे विसावे मूळ. लॉगरिदमच्या कोष्टकाने हे सोपे जाते: २० लॉगरिदमची सरासरी काढली की झाले. साधी सरासरी का नको? कारण नळी आखूड झाली की फॉर्मंट ठरावीक आकड्याने वाढत नाहीत, ठरावीक पटीने वाढतात. पटीचा हिशेब भूमितीय मध्यानेच नीट होतो.

१९५२ च्या सरासऱ्यांवर मी हा हिशेब केला. पुरुषांचा मध्य ८०१ आला, स्त्रियांचा ९२७. म्हणजे स्त्रियांची पट्टी सुमारे १६ टक्के वर. ॲटलासने सर्वांसाठी जे समान माप धरले होते, ते हर्ट्झमध्ये ९८९ च्या आसपास पडते. तेव्हा पुरुषाचा प्रत्येक आकडा ९८९ ने गुणून ८०१ ने भागायचा, म्हणजे सुमारे १.२३ पट करायचा. स्त्रीचा प्रत्येक आकडा ९८९ ने गुणून ९२७ ने भागायचा, म्हणजे सुमारे १.०७ पट करायचा. दुसरे काही नाही.

आता पाहा गंमत. ‘आ’चे ७३० आणि ८५० होते, ते झाले ९०१ आणि ९०७. ‘ई’च्या पहिल्या फॉर्मंटचे २७० आणि ३१० होते, ते झाले ३३३ आणि ३३१. दोन्ही ठिकाणी फरक जवळजवळ पुसला गेला. आणि ‘ॲ’? ६६० चे झाले ८१५, ८६० चे झाले ९१८. दोन्ही ७०० च्या बऱ्याच वर. म्हणजे या सरासऱ्यांत ना पुरुषांचा ‘ॲ’ चढलेला होता, ना बायकांचा.

एक कल्पित जोडी घेऊ. समजा एका शहरात आपल्याला एक पुरुष आणि एक स्त्री भेटली. त्यांचे मध्य वरच्याप्रमाणेच आहेत. पुरुषाचा ‘ॲ’ ६०० आला, स्त्रीचा ६४०. कच्चा आकडा म्हणतो, पुरुष पुढे. एका मापावर आणल्यावर पुरुषाचे होतात ७४१ आणि स्त्रीचे ६८३. रेघ दोघांच्या मधून जाते, आणि स्वर चढला आहे तो स्त्रीचा. निकाल उलटला, बरं का, आणि तोही नुसत्या दोन गुणाकारांनी.

इथे चिकित्सक श्रोता मला थांबवील. ‘आ’चा फरक पुसला गेला, मग ‘ॲ’चा शंभराचा फरक का उरला? प्रश्न योग्य आहे. एक कारण शरीराचे आहे. पुरुषाची नळी स्त्रीच्या नळीची सर्व बाजूंनी सारखी वाढवलेली प्रत नसते. पुरुषाचा घशाचा भाग तोंडाच्या भागापेक्षा जास्त लांबलेला असतो. म्हणून सगळे स्वर एकाच पटीने सरकत नाहीत. स्वीडनचे गुन्नार फांट यांनी १९६६ मध्येच हे दाखवले होते. दुसरे कारण माणसांच्या निवडीचे आहे. त्या मोजणीतल्या स्त्रिया आणि मुले बहुतेक अमेरिकेच्या मध्य-अटलांटिक भागात वाढलेली होती. पुरुष मात्र पुष्कळ वेगवेगळ्या भागांतून आलेले होते. म्हणजे उरलेल्या शंभरात बोलीचाही वाटा असू शकतो. शरीराचा किती आणि बोलीचा किती, हे त्या आकड्यांवरून वेगळे काढता येत नाही. गुणाकार कितीही बिनचूक केला, तरी निवडताना झालेली सरमिसळ तो दुरुस्त करत नाही.

दुसरी चूक याहून जास्त वेळा होते, आणि ती लक्षातही येत नाही. मध्य काढायचा तो माणसाच्या सगळ्या स्वरांवरून. पण गप्पांच्या ध्वनिमुद्रणात कुणाच्या तोंडी ‘ई’, ‘ए’ असे पुढचे स्वर फार येतात आणि ‘ओ’, ‘ऊ’ थोडे. त्याच १९५२ च्या पुरुषांचे मी फक्त पुढचे चार स्वर घेतले, ‘हीड’ ते ‘हॅड’, आणि मध्य काढला. आला ९२४! स्त्रियांच्या सर्व स्वरांचा मध्य ९२७ होता. म्हणजे पाठीमागचे स्वर गाळल्याबरोबर हिशेबाने पुरुषाला १७ सेंटिमीटरची नळी काढून घेऊन स्त्रीची नळी बसवली. त्याचा ६६० चा ‘ॲ’ मग ८१५ ऐवजी ७०६ होतो, आणि शुद्ध जुन्या उच्चाराचा माणूस बदलाच्या उंबरठ्यावर उभा दिसतो.

म्हणून प्रत्येक माणसाकडून प्रत्येक स्वर घ्यावा. तो सारख्या प्रमाणात घ्यावा, किंवा आधी प्रत्येक स्वराची सरासरी काढून मग त्या सरासऱ्यांचा मध्य काढावा. मराठीत कुणाला दोन गावांच्या बोली ताडून पाहायच्या असतील, तर पीठ, पेठ, पाठ, पट, पोट, कूट अशी साधी यादी घ्या आणि प्रत्येक शब्द पाच वेळा, यादीचा क्रम बदलून, बोलवून घ्या. एका गावात आज्या आणि दुसऱ्या गावात शाळकरी मुलगे असे मात्र करू नका.

आणखी एक रीत आहे, ती बोरिस लोबानोव यांनी १९७१ मध्ये रशियन स्वरांसाठी मांडली. तीत प्रत्येक फॉर्मंटचा वेगळा हिशेब होतो: आकड्यातून त्या माणसाची सरासरी वजा करायची आणि उरलेल्याला त्याच्या प्रमाण विचलनाने भागायचे. अदांक, स्मित्स आणि व्हान हाउट यांनी २००४ मध्ये नेदरलँड्स आणि फ्लँडर्समधील १६० जणांच्या आवाजावर अशा अनेक रीती तपासल्या. हे १६० जण कोण होते, तर डच भाषा शिकवणारे शिक्षक! त्या तपासणीत लोबानोवची रीत सर्वांत सरस ठरली. शरीराचा फरक तिने चांगला पुसला आणि प्रदेशाचा फरक राखला.

तरी माझे मत विचाराल तर मी ती डोळे झाकून वापरणार नाही. ती प्रत्येकाचा नकाशा ताणून किंवा आवळून एकाच आकाराचा करते. कुणी खरोखरच तोंडातल्या तोंडात बोलत असेल आणि त्याच्या स्वरांचा नकाशा आक्रसलेला असेल, तर ती तो ताणून इतरांएवढा करील. आणि कदाचित आपल्याला शोधायचे होते ते नेमके तेच असेल. दोन वेगळ्या भाषा ताडताना धोका अधिक, कारण त्यांचे स्वरच वेगळे असतात. एका भाषेत पुढचे स्वर जास्त असले, तर सरासरी तेवढ्यानेच सरकते, आणि मघाचा पुरुष जसा फसला तशी अख्खी भाषा फसते. सँड्रा डिस्नर यांनी १९८० मध्ये हाच इशारा दिला होता.

मग आपला हिशेब बरोबर झाला, हे ओळखावे कसे? जो स्वर त्या समाजात बदलत नाही असे इतर पुराव्याने ठाऊक आहे, तो आधी पाहावा. एका मापावर आणल्यावर त्या स्वराचे स्त्री-पुरुषांचे ठिपके एकमेकांवर पडले, तर रीत लागू पडली. तिथेच ते दूर राहिले, तर बदलणाऱ्या स्वराविषयी काही बोलण्याचा अधिकार अजून आपल्याला नाही.

दुसरा पडताळा मला जास्त आवडतो, कारण त्याला गुणाकारच लागत नाही. माणसाला त्याच्या स्वतःशीच ताडायचे. सरोवरकाठच्या त्या शहरांत ‘ॲ’ इतका चढला होता की काही जणांचा ‘बॅड’मधला स्वर त्यांच्याच ‘बेड’मधल्या स्वराच्या वर आणि पुढे गेला होता. ॲटलासमध्ये ही खूणही वापरलेली आहे. दोन्ही स्वर एकाच नळीतून आलेले असतात, त्यामुळे तिच्या लांबीची अडचण पुष्कळशी आपोआप सुटते. सामान्यीकरण केलेला आकडा आणि ही खूण एकाच दिशेला बोट दाखवत असतील, तर निश्चिंत असावे. दिशा वेगळ्या असतील, तर मोजणी पुन्हा तपासावी.

मोजणीचे नाव निघाले म्हणून सांगतो. हल्ली हे काम संगणकावर प्रात नावाच्या, ॲम्स्टरडॅमला तयार झालेल्या आणि फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅमने करतात. त्याला आधी सांगावे लागते की पाच फॉर्मंट किती हर्ट्झपर्यंत शोधायचे: पुरुषासाठी साधारण ५०००, स्त्रीसाठी ५५००, लहान मुलासाठी त्याहून जास्त. हे सांगायचे राहिले, की यंत्र कुठे दोन फॉर्मंटचा एक समजते, तर कुठे नसलेला फॉर्मंट काढून दाखवते. एकदा माझ्याच मोजणीत एका बाईंचा ‘ऊ’ थेट ‘ई’च्या शेजारी जाऊन बसला होता. दोन तास मी त्या नव्या बोलीचा विचार करत होतो! मग ध्वनिमुद्रण ऐकले. बाई चांगल्या स्वच्छ ‘ऊ’ म्हणत होत्या. ‘ऊ’चे पहिले दोन फॉर्मंट जवळजवळ असतात, यंत्राने त्यांचा एकच धरला आणि तिसऱ्याला दुसरा म्हणून नोंदवले. असा एक चुकीचा ‘ऊ’ माणसाचा सगळा मध्य वर ढकलतो आणि त्याचे बाकीचे बिनचूक स्वरही जागा सोडतात. म्हणून आधी कच्चा नकाशा काढावा. एकटा भरकटलेला ठिपका दिसला तर तो शब्द कानांनी ऐकावा, आणि मगच गुणाकाराला बसावे.

आणि कच्चे आकडे टाकून देऊ नयेत. वहीत डाव्या बाजूला कच्चा आकडा, उजव्या बाजूला मापावर आणलेला, आणि वर त्या माणसाचा मध्य, तो कोणत्या स्वरांवरून व किती शब्दांवरून काढला यासह, असे लिहून ठेवावे. उद्या दुसऱ्या कुणाला आपले काम वेगळ्या रीतीने तपासायचे झाले, तर त्याला डाव्या बाजूचाच रकाना लागणार आहे.